दहापैकी दहा देणाऱ्यांनी पेंड का सोडली?

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका पशुखाद्य कारखान्याला दिवाळीनंतर एक निर्णय घ्यायचा होता. ५० किलोच्या गोळी पेंडीच्या पोत्यामागे ६० रुपये वाढवायचे की नाही? पोतं १,५०० रुपयांच्या आसपास जात होतं, म्हणजे वाढ ४ टक्क्यांची. मका आणि डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड, महाग झालेली, त्यामुळे वाढ हवी होती. भीती एवढीच की शेतकरी दुसऱ्या पेंडीकडे वळेल. ती भीती घालवायला विक्री व्यवस्थापकांनी दोन आकडे पुढे केले. नेट प्रमोटर स्कोअर ५४ आणि पुन्हा खरेदी ८८ टक्के. बैठकीत ते म्हणाले, "लोकांचं आपल्या ब्रँडवर प्रेम आहे. ६० रुपयांनी प्रेम तुटत नसतं."

आधीच सांगतो, हे प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे. भूम भागातल्या दुधाच्या आणि पेंडीच्या व्यवहाराची रीत खरी आहे. कंपनी, माणसं आणि त्यांचे आकडे मात्र बेतलेले आहेत.

ही पेंड सगळ्यात जास्त खपायची ती धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्याच्या ११ गावांत. तिथे एका खासगी डेअरीची संकलन केंद्रं होती आणि पेंड त्या केंद्रांवरूनच जायची. शेतकरी सकाळी दूध घालायचा आणि येताना पोतं उचलायचा. पैसे तेव्हा द्यायचे नाहीत. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार निघायचा, त्यातून पेंडीचे पैसे कापून घेतले जायचे. मराठवाड्यात हातात रोकड नसलेल्या घराला ही सोय फार मोठी वाटते, आणि ती आहेही. या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

५४ कुठून आला

नेट प्रमोटर स्कोअर ही कल्पना फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधून मांडली. ग्राहकाला एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू तुम्ही मित्राला किंवा सहकाऱ्याला घ्यायला सांगाल, याची शक्यता शून्य ते दहापैकी किती? ९ आणि १० देणारे शिफारस करणारे. ७ आणि ८ वाले काठावरचे. शून्य ते ६ देणारे नाराज. शिफारस करणाऱ्यांच्या टक्केवारीतून नाराजांची टक्केवारी वजा केली की स्कोअर निघतो. तो उणे १०० ते अधिक १०० यांच्यामध्ये कुठेही असू शकतो.

कंपनीने ४२० शेतकऱ्यांना विचारलं. २६९ जणांनी ९ किंवा १० दिले, म्हणजे ६४ टक्के. ४२ जण नाराजांत बसले, म्हणजे १० टक्के. ६४ वजा १०, ५४. हिशेबात चूक काहीच नव्हती.

व्यवस्थापकांनी मग गावागावांचे वेगळे स्कोअरही काढले. एका गावाचा ६१, दुसऱ्याचा ४७. ४७ वाल्या गावच्या केंद्रचालकाला बोलावून चार शब्द सुनावलेही. ११ गावांत ४२० माणसं म्हणजे गावाला जेमतेम ३८. एवढ्या माणसांवर काढलेला हा स्कोअर निव्वळ योगायोगाने वीस-एकवीस अंकांनी वर किंवा खाली असू शकतो. ४२० जणांच्या एकत्र आकड्याला ही ढिलाई साधारण साडेसहा अंकांची असते. म्हणजे पूर्ण भागाचा ५४ हा ४८ ते ६० यांत कुठेतरी आहे असं धरता येईल, पण ६१ आणि ४७ ही गावं खरोखर वेगळी आहेत असं म्हणायला आधार नव्हता. त्या केंद्रचालकाने उगाच बोलणी खाल्ली.

ही झाली गणिताची बाजू, आणि ती माणसं वाढवली की सुटते. मोठी अडचण प्रश्न कुठे उभं राहून विचारला गेला, याची होती.

कंपनीचा माणूस टॅबलेट घेऊन सकाळी साडेसहाला संकलन केंद्रावर उभा राहायचा. शेतकरी कॅन घेऊन रांगेत. समोर फॅट मोजायचं मशीन आणि मशीनवर केंद्रचालक. प्रश्न त्याच्या कानावर पडेल इतक्या अंतरावर विचारला जायचा. त्यातही सर्वेक्षणाचा आठवडा दिवाळीचा होता. त्याच आठवड्यात कंपनी दर खात्यामागे एक स्टीलची बादली वाटत होती. एका हातात बादली घेऊन माणूस दुसऱ्या हाताने चार मार्क कसे देईल?

कंपनीच्या हिशेब विभागात परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकून आलेली एक मुलगी होती. तिला हा सगळा बनाव खटकला. तिने त्याच ४२० पैकी ६० जणांना चिठ्ठ्या टाकून निवडलं आणि गावाशी, डेअरीशी संबंध नसलेल्या माणसाला त्यांच्या घरी पाठवलं. वेळ दुपारची, प्रश्न तोच. केंद्रावर या ६० जणांपैकी ३८ जणांनी ९ किंवा १० दिले होते आणि ७ नाराज होते. म्हणजे स्कोअर ५२. घरी तेच ३८ चे २४ झाले आणि ७ चे १५. स्कोअर १५. माणसं तीच, पेंड तीच, मध्ये गेलेले दिवसही थोडेच.

घरी विचारणारा माणूस एका अंगणात बसला होता. त्या घरच्या बाईंनी केंद्रावर १० दिले होते, इथे ५ दिले. त्याने विचारलं, "मावशी, तिथं तर दहा म्हणला होता तुम्ही." त्या म्हणाल्या, "तिथं कमी कसं सांगावं बाबा? फॅट लावायचं त्याच्याच हातात हाय."

फॅट म्हणजे दर. गाईच्या दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, बघून ठरतो, आणि पॉइंटभर इकडेतिकडे झालं की लिटरमागे भाव हलतो. केंद्राची पेंड बंद केली की फॅट कमी लागतं, असा या गावांतला सरसकट समज. तसं मशीनवर होतं की जनावराच्या पोटात, हे कुणी तपासलेलं नाही. दोन्ही शक्य आहे. पण हा समज असेपर्यंत त्या मशीनसमोर मिळालेला दहाचा आकडा पेंडीबद्दल थोडं सांगतो आणि केंद्रचालकाच्या वजनाबद्दल जास्त.

खालच्या आकड्यांचीही गंमत आहे. साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, हे आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलेलं. एका म्हशीवाल्या काकांनी ६ दिले आणि म्हणाले, "चांगली हाय की. सहा म्हणजे काय कमी हायेत का?" सूत्राने त्यांना नाराजांत टाकलं. ७ आणि ८ देणारे तर स्वतःच्या मते भरभरून मार्क देत होते. हा स्कोअर मोजताना ते हिशेबातून गळतात. वेगवेगळ्या समाजांत माणसं टोकाचे आकडे द्यायला कमी-जास्त कचरतात, हे सर्वेक्षणवाल्यांना जुनंच माहीत आहे. म्हणून दुसऱ्या देशातल्या कंपनीच्या स्कोअरशी आपला स्कोअर शेजारी ठेवून बघण्याला अर्थ नसतो. आपलाच स्कोअर, त्याच पद्धतीने, वर्षभराने पुन्हा घेतला तर त्यातून थोडंफार कळतं.

सांगायचं कुणाला

त्या ६० जणांना एक जादा प्रश्न विचारला होता. "सांगाल का" हा प्रश्न पुढचा आहे, त्यामुळे त्याला मागचा प्रश्न जोडला: गेल्या दोन महिन्यांत खरंच कुणाला ही पेंड घ्या म्हणून सांगितलं का, आणि कुणाला? केंद्रावर ९-१० देणाऱ्या ३८ पैकी फक्त ९ जणांना एखादा माणूस आठवला. उरलेल्या २२ पैकी ४ जणांना आठवला. टक्क्यांत २४ आणि १८. एवढ्या थोड्या माणसांत हा फरक धरण्यासारखा नाही.

कारण विचारल्यावर उत्तर सरळ होतं. गावात सगळेच त्याच केंद्रावरून पोतं उचलतात, मग शिफारस करायची कुणाला? आणि दुसरं कारण जनावराचं. वर आलेले ते ६ वाले काका म्हणाले, "माझ्या म्हशीला मानवली म्हणून त्याच्या गाईला मानवंल का? उद्या गाय आटली की माझ्या नावानं खडे फोडील." टूथपेस्टची शिफारस फुकट असते. पेंडीच्या शिफारशीत शेजाऱ्याच्या दुधाची जबाबदारी अंगावर येते. असा शहाणा माणूस स्वतः पेंडीवर कितीही खूश असला तरी "सांगणार नाही" म्हणेल, आणि सूत्र त्याला नाराजांत मोजेल.

रायकेल्ड यांचा मूळ दावा कंपनीच्या वाढीबद्दल होता: शिफारस करणारे जास्त असतील तर धंदा वाढतो. त्या दाव्यालाही धक्का बसला आहे. टिमोथी कायनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये नॉर्वेतल्या ग्राहक समाधानाच्या आकडेवारीवर तो तपासला. हा एक आकडा समाधानाच्या इतर मोजमापांपेक्षा वाढीचा सरस अंदाज देतो, असं त्यांना आढळलं नाही. पुढे २०२१ मध्ये खुद्द रायकेल्ड यांनीच लिहिलं की लोक स्कोअर मिळवण्यासाठी ग्राहकांकडे मार्क मागू लागलेत, आणि त्यांनी हिशेबाच्या वह्यांवर आधारलेलं वेगळं मोजमाप सुचवलं: जुन्या ग्राहकांच्या परतण्यातून आणि त्यांच्या सांगण्यावरून आलेल्या नव्या ग्राहकांतून किती विक्री झाली ते मोजायचं. बादली देऊन दहा मागणारी आमची लातूरची कंपनी काही जगावेगळी नव्हती.

८८ टक्क्यांच्या आत काय होतं

पुन्हा खरेदीचा आकडा जास्त दणकट वाटतो, कारण तो तोंडी नसतो. वहीत पोती लिहिलेली असतात. एका पगारात पोतं उचललेल्या खात्यांपैकी किती खात्यांनी पुढच्या दोन पगारांत पुन्हा उचललं, असं मोजून ८८ टक्के आले होते. वही खोटं बोलत नव्हती. फक्त पोतं का उचललं हे वहीत लिहिलेलं नसतं.

इथे शेतकरी पुन्हा पोतं उचलत होता त्याची तीन कारणं सहज दिसतात, आणि तिन्हीत प्रेम लागत नाही.

पहिलं उधारीचं. बाजारातली दुसरी पेंड ५० रुपयांनी स्वस्त असली तरी तिला रोख पैसे लागतात. केंद्रावर लागत नाहीत. बऱ्याच घरांनी गाय घ्यायला डेअरीकडूनच उचल घेतलेली होती. ती फिटेपर्यंत दूध दुसरीकडे घालता येत नाही, आणि दूध तिथे म्हणजे पेंडही तिथली.

दुसरं जनावराच्या पोटाचं. गाई-म्हशीच्या पहिल्या पोटात चारा आंबवणारे सूक्ष्मजीव असतात आणि ते ठरलेल्या खुराकाला सरावलेले असतात. खुराक एकदम बदलला की पचन बिघडतं, शेण पातळ होतं, दूध उतरतं. म्हणून नवी पेंड आठ-दहा दिवसांत थोडी थोडी मिसळत आणावी लागते. ज्याच्या घरी दर दहा दिवसांनी दुधाच्या पगाराची चिठ्ठी येते त्याला हा उतार लगेच रुपयांत दिसतो. मग तो म्हणतो, चाललंय ते चालू द्या. कुठलीही सरासरी पेंड एकदा अंगवळणी पडली की तिला हे संरक्षण आपोआप मिळतं. तिसरं कारण फॅटच्या समजाचं. ते वर आलंच आहे.

शिवाय ८८ टक्के खाती परत येत होती, पण किती घेऊन जात होती? हा प्रश्न त्या मुलीने विचारला आणि उत्तर त्याच वहीत सापडलं, कारण वहीत प्रत्येकाचं दूधही लिटरमध्ये लिहिलेलं असतं. ढोबळ नियम असा की गाईला अंगासाठी दिवसाला एक-दीड किलो खुराक आणि वर लिटरमागे साधारण ४०० ग्रॅम. तीन गाई, प्रत्येकी १० लिटर दूध. अंगासाठी साडेचार किलो, दुधासाठी बारा किलो, दिवसाला साडेसोळा किलो. दहा दिवसांत १६५ किलो, म्हणजे तीन पोत्यांहून थोडं जास्त. अशा घराने दर पगाराला एकच पोतं उचललं तर पुन्हा खरेदीच्या रकान्यात ते पक्कं गिऱ्हाईक, पण त्याच्या गोठ्यात कंपनीचा वाटा जेमतेम ३० टक्के. बाकीची जागा सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि गव्हाच्या भुशाची. तिने सगळ्या खात्यांचा हा वाटा काढला तेव्हा निम्म्या खात्यांत तो ४० टक्क्यांच्या आत निघाला. शेतकरी काही तराजू घेऊन नियमाने खुराक घालत नाही, हे मान्य. तरीही आकडा दुप्पट चुकला असला तरच चित्र बदलेल.

डिसेंबरात काय झालं

हे सगळं बैठकीत मांडलं असतं तर वाद झाला असता आणि व्यवस्थापक जिंकले असते, कारण त्यांच्याकडे दोन गोळीबंद आकडे होते. पण तोवर गावांत आपोआप एक प्रयोग घडला.

भूमचा खवा सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नसराईच्या तोंडावर खव्याला मागणी वाढते आणि भट्टीवाले दुधासाठी गावं शोधू लागतात. ११ पैकी तीन गावांत भट्टीवाल्यांनी दूध घ्यायला सुरुवात केली. पगार आठवड्याला आणि रोख. पेंड विकायची नाही, कापायचं काही नाही. उचल घेतलेल्यांची उरलेली बाकीही त्यांनी डेअरीला भरून टाकली. तीन गावांत पेंडीची ११८ खाती होती. दोन महिन्यांत जवळपास सगळ्यांचं दूध भट्टीकडे वळलं.

मुद्दा असा की कंपनीची पेंड कुठे गेली नव्हती. केंद्रावर ती रोखीने कुणालाही मिळत होती आणि भूमच्या बाजारातल्या दुकानातही होती. भाव तोच. बदललं एवढंच, की आता पैसे शेतकऱ्याच्या हातात होते आणि कुठली पेंड घ्यायची हे त्याला ठरवता येत होतं. प्रेम असेल तर ते आता दिसायला हवं होतं.

तीन महिन्यांनी केंद्राची आणि दुकानाची वही मिळवून मोजलं. ११८ पैकी ४७ खाती ही पेंड अजून घेत होती. ८८ चे ४० टक्के झाले. बाकीच्या आठ गावांत, जिथे भट्टी आली नव्हती, पुन्हा खरेदी होती तिथेच होती. म्हणजे पेंड बिघडली किंवा हंगाम फिरला, असं म्हणता येत नव्हतं.

आता दिवाळीचे मार्क काढून बघितले. या ११८ मध्ये ९-१० देणारे ७६ होते. त्यांतले ३१ टिकले, म्हणजे ४१ टक्के. ८ किंवा त्याहून कमी देणारे ४२ होते. त्यांतले १६ टिकले, म्हणजे ३८ टक्के. कोण राहणार आणि कोण जाणार हे त्या स्कोअरवरून ओळखायला गेलं तर नाणं उडवल्याइतकंच हाती लागलं असतं. आधीची पुन्हा खरेदी तर त्याहून निरुपयोगी, कारण त्या रकान्यात जवळपास सगळेच "पक्के" होते. ज्या आकड्यात सगळी माणसं सारखी दिसतात तो आकडा माणसांतला फरक कसा सांगणार?

दहा देणाऱ्या त्या मावशीही गेल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पेंड वाईट नव्हती. पण हातात पैसा आला तर बघावं म्हणलं दुसरी कशी हाय." त्या आता सरकी पेंड आणि भरडा घालतात.

आणि ६ वाले काका? पाऊस लागून आठवडाभर कारखान्याची गाडी आली नव्हती तेव्हा ते मोटारसायकलवर भूमला जाऊन दोन पोती बांधून आणणाऱ्यांपैकी होते. भट्टीला दूध घालू लागल्यावरही त्यांनी पेंड बदलली नाही. व्यवस्थापकांना वाटलं, बघा, हेच ते प्रेम, फक्त मार्कात दिसलं नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "दुसरी घातली की म्हैस पातळ शेण टाकती. मला काय, उद्या दुसरी मानवली तर दुसरी घालीन." म्हणजे जीव म्हशीवर. पेंडीवर नाही.

मग कोण टिकलं

टिकलेल्या ४७ जणांत काही सामाईक आहे का, हे शोधताना वहीत एक बारीक गोष्ट दिसली. जवळपास सगळी विक्री पगारातून कापून व्हायची, तरी काही खात्यांपुढे "रोख" असा शेरा होता. म्हणजे पगारातून कापायची सोय असतानाही त्यांनी कधीतरी खिशातून पैसे देऊन हीच पेंड घेतली होती. जनावर भाकड असताना, दूध बंद असताना, किंवा कपातीची मर्यादा संपल्यावर. भट्टी यायच्या आधी असा एखादा तरी रोखीचा शेरा असलेली खाती २६ होती. त्यांतली १९ टिकली. शेरा नसलेली ९२, त्यांतली २८ टिकली. ७३ टक्के आणि ३० टक्के.

फरक मोठा आहे, पण उड्या मारण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. २६ हा आकडा लहान आहे. त्यांतल्या चार-पाच जणांनी वेगळं वागायचं ठरवलं असतं तर टक्केवारी बरीच हलली असती. दुसरं म्हणजे रोख देऊ शकणारं घर बहुधा जास्त जनावरांचं, बागायतीचं आणि दमाचं असतं. असं घर कुठलीच वस्तू पटकन बदलत नाही, अशीही शक्यता आहे. त्या मुलीने जनावरांची संख्या सारखी असलेली खाती वेगळी काढून बघितली. फरक थोडा कमी झाला, पण गेला नाही. यावर कुणी "रोखीने घेणारे म्हणजे प्रेम करणारे" असं लिहिलं तर मी ते खोडेन. म्हणता येतं ते एवढंच: दुसरा मार्ग मोकळा असताना माणसाने काय निवडलं, त्याची नोंद त्याने दिलेल्या मार्कांपेक्षा पुढचं जास्त सांगून गेली.

ब्रँडवरचं प्रेम ही नुसती जाहिरातवाल्यांची बोली नाही, त्यावर अभ्यास झाला आहे. राजीव बत्रा, आरोन अहुविया आणि रिचर्ड बॅगोझी यांनी २०१२ मध्ये लोकांशी बोलून त्याचे धागे वेगळे केले. ती वस्तू माणसाच्या स्वतःच्या ओळखीचा भाग होते, तिच्यामागे वेळ आणि पैसा घालावासा वाटतो, ती नाहीशी झाली तर चुकल्यासारखं वाटतं, पुढेही ती सोबत असेल असं धरून चाललेलं असतं. शिफारस आणि पुन्हा खरेदी ही यातून निघू शकणारी फळं आहेत. पण तीच फळं उधारीच्या, सवयीच्या आणि भीतीच्या झाडालाही लागतात. त्यामुळे फळ हातात घेऊन झाड ओळखता येत नाही.

आणि पेंडीच्या बाबतीत तसं झाड असावं अशी अपेक्षा तरी का करायची? ट्रॅक्टरच्या मागे लोक पोरांची नावं लिहून घेतात, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात. पेंडीच्या पोत्याचं काय करतात, तर ते उसवून पावसाळ्यात गोठ्याच्या झडीला बांधतात. सर्वेक्षणात "काय आवडलं" या मोकळ्या रकान्यात कितीतरी जणांनी लिहून दिलं होतं: पोतं मजबूत आहे. कंपनीने हे उत्तर "इतर" मध्ये टाकलं होतं. माझ्या मते सगळ्या सर्वेक्षणातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच.

निर्णय

६० रुपयांची वाढ सगळीकडे झाली नाही. ती ज्या आठ गावांत भट्टी नव्हती तिथे आधी केली, आणि अपेक्षेप्रमाणे पोती कमी झाली नाहीत. व्यवस्थापकांना त्यात पुन्हा प्रेम दिसलं. पण कपातीच्या गावात भाववाढ पचते यावरून एवढंच कळतं की तिथे भाववाढ पचते. त्या आठ गावांत उद्या भट्टी आली की ही वाढ अंगाशी येऊ शकते. त्यामुळे तिथल्या विक्रीचा अंदाज बांधताना ८८ च्या जागी ४० धरूनही एक गणित करायचं ठरलं.

खऱ्या परीक्षेसाठी परभणी भागातल्या एका बाजारगावचं दुकान निवडलं. तिथे ना उधारी, ना कपात, ना बादली. दुकानात शेजारी आणखी दोन कंपन्यांची पेंड. पहिल्यांदा पोतं घेणाऱ्या ६० जणांचे फोन नंबर दुकानदाराने लिहून घेतले. ३० दिवसांत १४ जण दुसऱ्या पोत्यासाठी आले. मार्क विचारलेच नाहीत. न आलेल्यांपैकी फोन लागले त्यांना एवढंच विचारलं की सध्या काय घालता. बहुतेकांचं उत्तर "आधीचीच" असं होतं. नव्या पेंडीने काही बिघडलं नव्हतं, पण बदलायला काही कारणही दिलं नव्हतं.

हे १४ जण प्रेमात पडले का? एका महिन्याच्या दुसऱ्या पोत्यावरून ते कळत नाही. कदाचित दुकान त्यांच्या रस्त्यात असेल, किंवा दुसरी पेंड त्या दिवशी संपली असेल. म्हणून दुकानदाराला आता एक साधा रकाना भरायला सांगितला आहे. गिऱ्हाईक आलं तेव्हा दुकानात बाकीच्या दोन पेंडी होत्या का, आणि आपली नव्हती त्या दिवशी आलेल्या माणसाने काय केलं: दुसरी घेतली, रिकामा गेला, की "कधी येणार" असं विचारून गेला. पहिल्या दोन महिन्यांत आपली पेंड संपलेले दिवस थोडेच होते, त्यामुळे त्या रकान्यातून अजून कुठलाही निष्कर्ष काढलेला नाही.